मेलबर्नचे चार गुण आणि दोन कसोटींची मालिका

मा. श्री. जय शाह यांस,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद (आयसीसी), दुबई



अहिल्यानगर शहराला लागून असलेल्या नागापूरहून हे पत्र लिहितो आहे. आमचा जिल्हा आपल्याला अनोळखी नसावा. झहीर खान आमच्या श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. पत्राचा विषय आहे जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचा गुणतक्ता. त्यात गुणांपेक्षा टक्क्यांना जास्त मान का, कुणी दोन कसोटींच्या मालिका खेळतो आणि कुणी पाचांच्या तरी दोघांना एकाच रांगेत कसं उभं करतात, हा वाद आमच्याकडे पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर अजून चालतो. वादात बाजू घेणारे पुष्कळ असतात, कागदावर आकडे मांडणारे कमी. मी ते मांडून पाहिले. त्यातून जे निघालं ते आपल्यापर्यंत पोहोचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुरुवात अजिंक्यच्याच सामन्यापासून करतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत गुंडाळला गेला, विराट कोहली मायदेशी परतला आणि मेलबर्नच्या कसोटीत नेतृत्व अजिंक्यकडे आलं. त्याने ११२ धावा केल्या, भारत आठ गडी राखून जिंकला. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने ठरलेल्या वेळेत दोन षटकं कमी टाकली, ही गोष्ट मात्र त्या वेळी कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. मानधनातून दंड झाला आणि अजिंक्यपदाच्या खात्यातून चार गुण कापले गेले. षटकामागे दोन, असा तेव्हाचा नियम होता.

त्या चक्राअखेर तक्ता असा होता. भारत ७२० पैकी ५२०, म्हणजे ७२.२ टक्के. न्यूझीलंड ६०० पैकी ४२०, म्हणजे बरोबर ७०. ऑस्ट्रेलिया ४८० पैकी ३३२, म्हणजे ६९.२. पहिले दोन संघ साउदॅम्प्टनच्या अंतिम सामन्यात गेले आणि न्यूझीलंडने तो जिंकला. आता ते चार गुण ऑस्ट्रेलियाला परत देऊन बघा. ४८० पैकी ३३६, म्हणजे तेही बरोबर ७० टक्के. टक्केवारी सारखी झाली की दर गड्यामागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांचं गुणोत्तर बघायचं, असं ठरलेलं होतं. त्यात ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडच्या पुढे होती. म्हणजे मेलबर्नला दोन षटकं वेळेत पडली असती, तर पहिला कसोटी जगज्जेता वेगळा निघण्याची शक्यता होती.

ही गोष्ट टपरीवर रंगवून सांगितली जाते आणि शेवटी कुणीतरी म्हणतोच, ‘टक्क्यांचा घोळ आहे सगळा.’ मला मान्य नाही. घोळ होता, पण तो टक्क्यांचा नव्हता. टक्के ज्या गुणांवर काढले त्या गुणांच्या वाटणीत तो होता.

२०१९ ला स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रत्येक मालिकेला १२० गुण होते, मालिका कितीही कसोटींची असो. दोन कसोटी असतील तर विजयाला ६०, तीन असतील तर ४०, चार असतील तर ३० आणि पाच असतील तर २४. यामागचा हेतू चांगला होता. मोठी मंडळं पाच-पाच कसोटी खेळून गुणांचे ढीग लावतील आणि छोटी मंडळं दोन-दोन कसोटींत मागे पडतील, अशी भीती होती. मालिकेला समान वजन दिलं की ती भीती गेली. पण एका दाराने घालवलेली विषमता दुसऱ्या दाराने घरात शिरली. ॲशेसमधल्या एका विजयाला २४ गुण आणि दोन कसोटींच्या मालिकेतल्या विजयाला ६०, म्हणजे अडीचपट. पाच दिवसांचा घाम तोच, मोल अडीचपट! (तीन कसोटींच्या मालिकेत अनिर्णित सामन्याला १३ गुण मिळायचे, कारण ४० ला तीनाने भाग जात नाही. उरलेला एकतृतीयांश गुण हिशेबातूनच गायब व्हायचा. नियम लिहिणाऱ्याने हा भागाकार आधी करून पाहायला हवा होता.)

मग कोविड आला. मालिका रद्द झाल्या, सगळ्यांच्या सहा मालिका होणं अशक्य झालं. अनिल कुंबळे यांच्या समितीच्या शिफारशीवरून नोव्हेंबर २०२० मध्ये असं ठरलं की मिळवलेल्या गुणांना पणाला लागलेल्या गुणांनी भागायचं आणि टक्क्यांवर क्रम लावायचा. त्या दिवशी भारताकडे ३६० गुण होते आणि ऑस्ट्रेलियाकडे २९६, तरी रातोरात ऑस्ट्रेलिया वर गेली. भारताने चार मालिकांतून ३६० मिळवले होते, म्हणजे ७५ टक्के. ऑस्ट्रेलियाचे २९६ तीनच मालिकांतले, म्हणजे ८२.२ टक्के. आपल्याकडे त्यावर बराच गहजब झाला होता. पण टक्के नसते तर शेवटी काय झालं असतं, ते बघा. इंग्लंडने सहा मालिकांत ४४२ गुण जमवले होते आणि न्यूझीलंडने पाच मालिकांत ४२०. न्यूझीलंडचा बांगलादेश दौरा कोविडमुळे झालाच नव्हता. नुसत्या बेरजेवर गेलो असतो, तर अंतिम सामना भारत आणि इंग्लंडमध्ये झाला असता. न झालेल्या दौऱ्याची शिक्षा न्यूझीलंडला मिळाली असती. टक्क्यांनी ती टाळली. हे काम एखादा संघ जास्त खेळला आणि एखादा कमी, अशा परिस्थितीत फक्त भागाकारच करू शकतो. ही युक्ती काही नवीन नव्हे. इंग्लंडच्या कौंटी स्पर्धेत सगळे संघ सारखे सामने खेळत नसत, त्या काळात तिथेही कित्येक वर्षं टक्केवारीवरच क्रम लागायचा.

टक्के योग्यच होते. चूक होती ती भागाकाराच्या आधीच्या पायरीवर. त्या १२० च्या हिशेबात प्रत्येक मालिकेचं वजन सारखं होतं, म्हणून संघाची टक्केवारी म्हणजे त्याच्या मालिकांच्या टक्केवारीची साधी सरासरी होती. ऑस्ट्रेलियाच्या चार मालिका घ्या. पाच कसोटींची ॲशेस २-२ अशी सुटली, ५६ गुण. पाकिस्तानविरुद्ध दोन्ही कसोटी जिंकल्या, १२०. न्यूझीलंडविरुद्ध तिन्ही जिंकल्या, १२०. भारताविरुद्ध चारपैकी एक विजय आणि एक अनिर्णित, ४०. एकूण ३३६, त्यातून मेलबर्नचे चार वजा. जिथे ऑस्ट्रेलियाने मार खाल्ला त्या दोन्ही मालिका लांब होत्या, नऊ कसोटींच्या. जिथे निर्भेळ यश मिळवलं त्या दोन्ही मिळून पाच कसोटींच्या. पण नऊ कसोटींचं वजन आणि पाच कसोटींचं वजन सारखंच धरलं गेलं.

२०२१ मध्ये आयसीसीने हे दुरुस्त केलं, आणि माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. मालिका कितीही लांब असो, प्रत्येक कसोटी १२ गुणांची. विजयाला १२, बरोबरीत सुटली तर ६, अनिर्णित राहिली तर ४. टक्केवारी पणाला लागलेल्या गुणांवर. षटकांचा दंडही बदलला, कमी पडलेल्या प्रत्येक षटकामागे एक गुण.

आता मी पहिल्या चक्राचा तक्ता या नव्या हिशेबाने पुन्हा मांडला. भारत १७ कसोटी खेळला, १२ जिंकल्या, ४ हरला, एक अनिर्णित. म्हणजे २०४ पैकी १४८ गुण, ७२.५ टक्के. पहिलाच. न्यूझीलंड ११ कसोटी, ७ विजय, ४ पराभव, म्हणजे १३२ पैकी ८४, ६३.६ टक्के. ऑस्ट्रेलिया १४ कसोटी, ८ विजय, ४ पराभव, २ अनिर्णित, म्हणजे दंड न धरता १६८ पैकी १०४, ६१.९ टक्के. इंग्लंड २१ कसोटी खेळून ५७.१ वर. क्रम तोच राहतो, पण न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातलं अंतर बघा. दंड माफ करूनही ऑस्ट्रेलिया पावणेदोन टक्क्यांनी मागेच राहते. न्यूझीलंडचाही आकडा सत्तरावरून घसरला, कारण त्यांनी गमावलेली ऑस्ट्रेलियातली मालिका तीन कसोटींची होती, बाकीच्या दोनांच्या. ऑस्ट्रेलियाचा त्याहून जास्त घसरला, कारण वर म्हटलं तसं तिचं अपयश लांब मालिकांत होतं.

याचा अर्थ असा की ती दोन षटकं जगज्जेता ठरवण्याइतकी जड झाली, ती मालिकेला समान वजन दिल्यामुळे. आताच्या नियमात ते सामने तसेच झाले असते, तर मेलबर्नच्या दंडाने दुसऱ्या क्रमांकाला धक्काही लागला नसता. शिवाय तो दंड तरी कुठे समान होता? षटकामागे दोन गुण ही रक्कम ठरलेली, पण विजयाची किंमत मालिकेगणिक बदलणारी. पाच कसोटींच्या मालिकेत एका षटकाला विजयाचा बारावा भाग जायचा आणि दोन कसोटींच्या मालिकेत फक्त तिसावा. गुन्हा एक, शिक्षा दोन. आता सगळीकडे बारावा भाग. म्हणून कुणी आपल्याला ‘मालिका हीच कसोटी क्रिकेटचा आत्मा, तेव्हा पुन्हा मालिकेला गुण द्या’ असा सल्ला दिला, तर कृपा करून ऐकू नका. मालिकेसाठी करंडक आहेत. तक्ता कसोटींचाच असू द्या.

पावसाबद्दल दोन शब्द. टक्केवारीवर नाराज असलेल्यांचं हे आवडतं गाऱ्हाणं आहे. जुलै २०२३ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस पावसात वाहून गेला. भारत १०० टक्क्यांवर होता, २४ पैकी १६ गुणांमुळे ६६.६७ वर आला. पावसाने टक्के खाल्ले, असं सगळे म्हणाले आणि ते खरंच आहे. अनिर्णित सामन्याचे ४ गुण म्हणजे ३३.३३ टक्के. जो संघ त्याच्या वर आहे त्याला प्रत्येक अनिर्णित सामना खाली ओढतो, जो खाली आहे त्याला वर उचलतो. पावसाने धुतलेला सामना हिशेबातून वगळावा, असं मलाही बरेच दिवस वाटत होतं. कानपूरच्या कसोटीने माझं मत बदललं.

सप्टेंबर २०२४. बांगलादेशविरुद्ध पहिल्या दिवशी ३५ षटकं झाली, दुसरा आणि तिसरा दिवस कोरा गेला. चौथ्या दिवशी बांगलादेशचा डाव २३३ वर संपला आणि भारताने ३४.४ षटकांत ९ बाद २८५ करून डाव सोडला. पाचव्या दिवशी बांगलादेशला १४६ मध्ये गुंडाळून सात गड्यांनी सामना जिंकला. हे वेड नव्हतं, हिशेब होता. कानपूरच्या आधी भारताकडे १२० पैकी ८६ गुण होते, ७१.६७ टक्के. सामना अनिर्णित राहिला असता तर ६८.१८, हरलो असतो तर ६५.१५, जिंकलो म्हणून ७४.२४. अनिर्णिततेवर बसून राहण्यापेक्षा धोका पत्करला तर मिळण्यासारखे आठ गुण, गमावण्यासारखे चार. जिंकण्याची शक्यता हरण्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर धावलंच पाहिजे, असं हे १२-४-० चं कोष्टक कर्णधाराला सांगतं. पावसाचा सामना वगळला असता, तर अनिर्णित राहूनही ७१.६७ शाबूत राहिले असते आणि धावायला निम्मंच कारण उरलं असतं. त्या चौथ्या दिवसाची फलंदाजी आम्ही जेवणाची सुट्टी लांबवून बघितली. तेव्हा पावसाचा नियम आहे तसा राहू द्या.

आता मुख्य तक्रार. टक्के सगळ्यांना एका मापावर आणतात, पण ते माप किती भरवशाचं आहे हे सांगत नाहीत.

मी एमआयडीसीत तपासणी विभागात काम करतो. एका यंत्रावरचे १२ नग तपासले आणि एक नापास झाला तर ८.३३ टक्के नापास. दुसऱ्या यंत्रावरचे २२ तपासले आणि एक नापास झाला तर ४.५५. या दोन आकड्यांवरून पहिलं यंत्र बिघडलंय असं कुणी म्हणू लागलं, तर साहेब आधी विचारतात, ‘नग किती बघितले?’ आमच्या तपासणीच्या तक्त्यात टक्क्यांच्या आधीचा रकाना नगांचा असतो. तो रिकामा असेल तर कागदावर कुणी सही करत नाही.

२०२३-२५ च्या चक्रात इंग्लंड २२ कसोटी खेळलं, भारत आणि ऑस्ट्रेलिया प्रत्येकी १९, आणि दक्षिण आफ्रिका १२. आफ्रिकेच्या सहाच्या सहा मालिका दोन कसोटींच्या होत्या. ८ विजय, ३ पराभव, एक अनिर्णित, १४४ पैकी १०० गुण, ६९.४४ टक्के, तक्त्यात पहिला क्रमांक. ऑस्ट्रेलिया २२८ पैकी १५४, म्हणजे ६७.५४. दोघांतलं अंतर दोन टक्क्यांपेक्षा कमी. आफ्रिकेची एक कसोटी इकडची तिकडे झाली की ८.३३ टक्के हलतात, ऑस्ट्रेलियाची झाली की ५.२६. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा निकाल एका सामन्याच्या निम्म्याहूनही कमी वजनावर ठरला.

तो एक सामना कसा असतो, तेही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सेंच्युरियनला आफ्रिकेपुढे पाकिस्तानने १४८ धावांचं लक्ष्य ठेवलं. ९९ धावांत आठ गडी बाद झाले होते. तिथून कगिसो रबाडा आणि मार्को यान्सन यांनी ५१ धावांची अभेद्य भागी केली आणि आफ्रिका दोन गडी राखून जिंकली. त्या विजयाने टक्केवारी ६३.३३ वरून ६६.६७ वर गेली आणि अंतिम सामन्यातली जागा पक्की झाली. यान्सनचा एक झेल उडाला असता आणि सामना गेला असता, तर ती ५७.५८ वर आली असती. तळाच्या दोन फलंदाजांच्या बॅटच्या कडेवर नऊ टक्के झुलत होते. (प्रामाणिकपणे सांगायचं तर भारताने पुढे जी माती खाल्ली, ती पाहता आफ्रिका ती कसोटी हरून केपटाउनची जिंकली असती, तरी ६१.११ वर अंतिम सामन्यात पोहोचलीच असती. कानपूरच्या ७४.२४ वरून आपण न्यूझीलंडकडून घरात ०-३ हरून ५८.३३ वर आलो आणि चक्राअखेर ५० वर थांबलो. तेव्हा आफ्रिकेला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.)

आफ्रिकेला दोष देण्याचा माझा हेतूही नाही. लॉर्ड्सवर जून २०२५ मध्ये एडन मार्करमने १३६ धावा काढल्या आणि ऑस्ट्रेलियाला पाच गड्यांनी हरवलं, तेव्हा ‘सोप्या वाटेने आले’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. वाट त्यांनी निवडलेली नव्हती. पण त्या वाटेवर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड हे दोन संघ अंतिम सामन्याआधी लागलेच नाहीत, हे खरं आहे. आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी सहांशीच खेळायचं असल्याने कुणाच्या वाट्याला कोण येईल, हे टक्के सांगू शकत नाहीत. त्यातच २०२४ च्या सुरुवातीला आफ्रिकेने आपल्या घरच्या वीस षटकांच्या लीगसाठी न्यूझीलंडला दुय्यम संघ पाठवला आणि दोन्ही कसोटी गमावल्या. १२ पैकी दोन कसोटी अशा सोडून देऊनही संघ पहिला येतो, यात त्यांच्या उरलेल्या दहा कसोटींचं कौतुक आहेच. पण १२ सामन्यांची यादी किती पातळ असते, हेही त्यातून दिसतं.

काही लोकांना वाटतं की लांब मालिका खेळणाऱ्यांचा यात फायदा आहे. आकडे तसं सांगत नाहीत. पहिल्या तिन्ही चक्रांत सगळ्यांत जास्त कसोटी खेळलेलं इंग्लंड एकदाही अंतिम सामन्यात पोहोचलं नाही. २०२३ च्या एका ॲशेसमध्ये त्यांनी २८ गुण कमावले आणि षटकांच्या दंडात त्यातले १९ घालवले. कमी सामन्यांचा फायदा विशिष्ट मंडळाला होत नाही, नशिबाला होतो. उत्तम संघाला आपलं उत्तमपण सिद्ध करायला सामने लागतात. मध्यम संघाला एखादी चांगली खेळपट्टी आणि एखादी चांगली नाणेफेक पुरते. यादी लहान झाली की दुसऱ्याचं पारडं जड होतं.

दोन कसोटींच्या मालिकेचं आणखी एक दुखणं आहे. तिला तिसरा अंक नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारत सेंच्युरियनला डावाने हरला आणि जानेवारीत केपटाउनला जिंकला. केपटाउनची ती कसोटी ६४२ चेंडूंत संपली, निकाली कसोटींत चेंडूंच्या हिशेबाने इतिहासातली सगळ्यांत छोटी. मालिका १-१. दोन संघांत सरस कोण, हे ठरवणारा सामना वेळापत्रकातच नव्हता. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच दोन संघ कोलकात्यात भेटले. १२४ धावांचं लक्ष्य असताना भारत ९३ वर संपला, ३० धावांनी हरला, आणि मालिका जिंकण्याची आशा तिसऱ्याच दिवशी मावळली. गुवाहाटीला तर ४०८ धावांनी दणका बसला. तिथे आफ्रिका उघड उघड सरस होती, तिसरी कसोटी असती तरी कदाचित हेच झालं असतं. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आपण पाच कसोटी खेळलो, दोनदा मागे पडलो आणि दोनदा बरोबरी साधली. लीड्सची हार एजबॅस्टनला भरून काढता आली, लॉर्ड्सची ओव्हलला. कोलकात्याची भरून काढायला एकच कसोटी हाती होती. तक्त्यात दोन्ही मालिकांतल्या कसोटी सारख्या १२ गुणांच्या, आणि तशाच असाव्यात. फक्त सावरायची संधी सारखी नाही.

यावर गणिती उपायही सुचवले जातात. लांब मालिकेचं वजन थोडं कमी करा, छोटीचं थोडं वाढवा, परदेशातल्या विजयाला दीडपट द्या, प्रतिस्पर्ध्याच्या क्रमवारीने गुणा. मी यातले काही करून पाहिले. उत्तरं येतात, पण ती टपरीवर कुणाला समजावून सांगता येत नाहीत. आताचा हिशेब शाळकरी पोरगं वहीच्या मागच्या पानावर करू शकतं, आणि ही त्याची मोठी ताकद आहे. ती घालवू नका. आजार वेळापत्रकात आहे, त्याचं औषध गुणाकारात शोधण्यात अर्थ नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अजिंक्यपदाची कोणतीही मालिका तीन कसोटींपेक्षा लहान नसावी. सहा मालिका म्हणजे किमान १८ कसोटी. ऑस्ट्रेलिया, भारत आणि इंग्लंड आपापसांत पाच-पाच खेळतात, खुशाल खेळोत. मग १८ आणि २२ अशी तुलना होईल, आणि एका सामन्याचं वजन साडेपाच टक्के की साडेचार एवढाच फरक राहील. १२ आणि २२ मधला आजचा फरक त्याच्या जवळजवळ चौपट आहे.

यात अडचण पैशाची आहे, हे नागापुरात बसूनही कळतं. भारत, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलिया पाहुणे म्हणून येत नसतील, तर अनेक मंडळांना कसोटी भरवणं आतबट्ट्याचं होतं. म्हणूनच तिसरी कसोटी आधी कापली जाते आणि तिच्या जागी वीस षटकांचे सामने येतात. पण कसोटीमागे पैसा कसा उभा करायचा, हे आपल्याला सांगायची गरज नाही. मार्च २०२४ मध्ये भारतीय मंडळाचे सचिव असताना आपणच कसोटीपटूंसाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली होती. हंगामातल्या पाऊणहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला सामन्यामागे ४५ लाख रुपये जादा. जो जास्त कसोटी खेळेल त्याला जास्त, हे तत्त्व खेळाडूला लावलंत, ते मंडळांनाही लावा. तिसरी कसोटी भरवणाऱ्या यजमान मंडळाचा तोटा आयसीसीच्या तिजोरीतून भरून निघाला, तर ती कसोटी कापायचं कारण उरत नाही. आणि सुरुवात भारतापासून करावी. दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज, बांगलादेश घरी येतात तेव्हा त्यांना दोनच कसोटी देणारे आपणच आहोत, आणि आपल्याला तरी तिसरी परवडत नाही असं कुणी म्हणणार नाही.

हे होईपर्यंत एक छोटं काम लगेच होण्यासारखं आहे. दूरचित्रवाणीवर आणि बातम्यांत तक्ता दाखवताना बहुतेक वेळा संघाचं नाव आणि टक्के एवढंच दिसतं. चक्राच्या सुरुवातीला दोन कसोटी जिंकलेला संघ १०० टक्क्यांवर बसतो आणि दहा कसोटी खेळलेला ७० वर, आणि लोक पहिल्याला चांगला समजतात. टक्क्यांच्या शेजारी झालेल्या कसोटी, उरलेल्या कसोटी आणि दंडात गेलेले गुण, एवढे तीन रकाने सक्तीने दाखवायला लावा. प्रक्षेपणाच्या करारात एक ओळ घातली की झालं.

सध्याचं चक्र २०२७ मध्ये संपेल, आणि त्यापुढचं वेळापत्रक ठरवताना आपण अध्यक्षस्थानी असाल वा नसाल, शब्द टाकण्याची संधी आपल्याला आत्ता आहे. प्रत्येक मालिकेला तिसरी कसोटी द्या, एवढीच विनंती.

कळावे,

आपला,
नागापूर (जि. अहिल्यानगर) येथील एक क्रिकेटप्रेमी